सर्दीमागून येणारी घरघर: दम्याचं नाव घ्यायचं कधी?

पावसाळा लागला की वस्तीत एक वाक्य आम्हाला रोज ऐकू येतं. "बाई, याला सर्दी झाली की छाती वाजतेच." पोर दोन-तीन वर्षांचं असतं. नाक गळतं, दुसऱ्या दिवशी खोकला येतो, तिसऱ्या रात्री छातीतून मांजरासारखी घरघर आणि शिट्टी ऐकू येते, पोट उडायला लागतं. मग दवाखाना, मशीनची वाफ, एक अँटिबायोटिक, एक खोकल्याचं औषध. आठ दिवसांनी सगळं शांत. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच.

आमचं म्हणणं सरळ आहे. अशा प्रत्येक पोराला दमा आहे असं म्हणणं चूक आहे, आणि प्रत्येक वेळी "कफ झालाय" म्हणून घरी पाठवणं ही त्याहून मोठी चूक आहे. दोन्हींतला फरक एक्स-रेमध्ये दिसत नाही. दोन सर्द्यांच्या मधल्या दिवसांत पोर कसं असतं, यावरून तो कळतो. ते फक्त घरच्यांना माहीत असतं आणि दवाखान्यात नेमकं तेच कुणी विचारत नाही.

आधी शिट्टी का वाजते ते पाहू. लहान मुलाच्या श्वासनळ्या मुळातच बारीक असतात. सर्दीच्या विषाणूने आतलं अस्तर थोडं सुजलं, थोडा चिकट स्राव साठला, की मोठ्या माणसाला नुसता खोकला येतो, पण मुलाची नळी अर्धी बंद होते. त्या फटीतून हवा बाहेर पडताना शिट्टी वाजते. मूल मोठं होतं तशा नळ्या रुंदावतात आणि पुष्कळांची घरघर आपोआप जाते. अमेरिकेतल्या टक्सन शहरात ८०० हून अधिक मुलांना जन्मापासून सहा वर्षांपर्यंत पाहिलं गेलं. १९९५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. जवळजवळ निम्म्या मुलांना सहा वर्षांच्या आत कधी ना कधी घरघर झाली होती. पण पहिल्या तीन वर्षांत ज्यांची छाती वाजत होती, त्यांतल्या साधारण दहापैकी सहा जणांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. म्हणून घाबरायचं नाही. पण उरलेली चार मुलं कोणती, हे ओळखायचं असतं.

आमच्याकडे गेल्या वर्षी साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या. आम्ही त्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या. जून, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. आठ महिन्यांत पाच वेळा. एकीवर "कफ", दोनवर "ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस", एकीवर "न्यूमोनिया" आणि पुढे प्रश्नचिन्ह, एकीवर काहीच नाही. अँटिबायोटिक पाचही वेळा. दोन वेळा पोटातून घ्यायचं स्टेरॉईडचं पातळ औषध. "दमा" हा शब्द एकाही कागदावर नव्हता.

आम्ही पहिला प्रश्न विचारला: वाफ दिल्यावर किती वेळात बरं वाटायचं? आई म्हणाली, "अर्ध्या तासात खेळायला लागायचा." हे महत्त्वाचं आहे. त्या वाफेत साल्ब्युटामॉल असतं. ते आवळलेल्या नळ्या सैल करतं. न्यूमोनिया अर्ध्या तासात उतरत नाही. एवढ्यावरून दमा ठरतो असं नाही, पण अडचण जंतूंची नसून नळ्या आवळण्याची आहे आणि पाच अँटिबायोटिकांची गरज नसावी, इतकं तरी कळतं.

दुसरा प्रश्न: सर्दी नसते तेव्हा? तेव्हा कळलं की पहाटे तीन-चारला तो खोकून उठतो. पळाला की खोकतो, खदखदून हसला की खोकतो. सर्दी दोन दिवसांत जाते, पण खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे कातडी खरबरीत होऊन खाजते. तिला घरचे खरूज समजत होते, पण तो इसब होता. ज्या मुलाला असा इसब असतो, त्याच्या घरघरीचा दमा होण्याची शक्यता वाढते.

तिसरा प्रश्न आई-वडिलांच्या दम्याचा. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. आई "नाही" म्हणाली. आम्ही चिठ्ठ्या आवरून निघालो, तेव्हा ती गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्या मागे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला लहानपणी होता. लग्नाच्या वेळी सांगितलं नाही." आई किंवा वडिलांना दमा असणं ही डॉक्टरसाठी सगळ्यात मोलाची माहिती. तीच या घरात झाकून ठेवलेली होती. आमच्या मते या आजारात औषधाच्या खर्चापेक्षा ही लाज जास्त नुकसान करते.

त्याच गल्लीत चौदा महिन्यांची एक मुलगी आहे. तिलाही वर्षात तीनदा घरघर झाली. पण दरवेळी सर्दीबरोबर आली, पाच-सहा दिवसांत गेली. छाती वाजत असतानाही ती दूध पीत होती, हसत होती. मधल्या दिवसांत खोकला नाही, रात्री शांत झोप, अंगावर इसब नाही, घरात कुणाला दमा नाही. तिला रोजचं औषध लावायचं काहीच कारण नव्हतं. तिचे वडील मात्र घरात बिडी ओढत. त्यांनी बिडी बंद करणं हाच तिच्यावरचा खरा इलाज होता. "मी दारात बसून ओढतो," असं ते म्हणाले. एका खोलीच्या घरात दार आणि आत यात फारसा फरक नसतो.

फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला नीट जमत नाही. म्हणून डॉक्टर अशा मुलाला श्वासातून घ्यायचं कमी मात्रेचं स्टेरॉईड रोज, दोन-तीन महिने देऊन पाहतात. रात्रीचा खोकला थांबला, सर्दी होऊनही छाती भरली नाही, आणि औषध थांबवल्यावर त्रास परत आला, तर दम्याकडे बोट जातं. काहीच फरक पडला नाही तर औषध वाढवत न बसता ते थांबवून दुसरं कारण शोधायचं असतं.

इथे घरात भांडण सुरू होतं. "पंप लावला की आयुष्यभर सुटत नाही", "स्टेरॉईड आहे, हाडं ठिसूळ होतील". वर सांगितलेल्या मुलाचं वजन बारा किलो. पोटातून दिलेल्या त्या पातळ औषधातून त्याला दिवसाला किमान बारा मिलिग्रॅम स्टेरॉईड जात होतं, म्हणजे बारा हजार मायक्रोग्रॅम. पंपातून जातं दिवसाला शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम, तेही थेट नळ्यांत. पातळ औषधाला कुणी घाबरलं नाही, आणि पंपाला सगळे घाबरले! पंपाने काहीच होत नाही असं आम्ही म्हणणार नाही. दीर्घकाळ घेतल्यास उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून मात्रा कमीत कमी ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायची. पण सवय लागत नाही.

पंप नुसता तोंडात मारला तर औषध घशालाच चिकटतं. लहान मुलाला मधे स्पेसर आणि तोंडाला मास्क लागतो. पंप हलवायचा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवायचा, एक दाब द्यायचा आणि मुलाला पाच-सहा श्वास शांतपणे घेऊ द्यायचे. दुसरा दाब हवा असेल तर पंप पुन्हा हलवून पुन्हा तेच. दोन दाब एकदम द्यायचे नाहीत. मूल रडत असेल तर औषध आत फारसं जात नाही, म्हणून लहानग्याला मांडीवर घेऊन, आधी मास्कशी खेळू देऊन मगच द्यावं. स्टेरॉईडनंतर तोंड धुवायचं, मास्कखालचा चेहरा पुसायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्याने घासला तर प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. कॅप्सूल फोडून ओढायची पावडर या वयात देऊ नये, तेवढा जोर मुलाच्या श्वासात नसतो.

साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाईडचे पंप अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. पण स्पेसरशिवाय पंप लहान मुलाच्या उपयोगाचा नाही, आणि स्पेसर बहुतेक वेळा बाहेरून आणा म्हणून सांगितलं जातं. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या डॉक्टरांनी ५०० मिलीलिटरच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, कडा बंद करून स्पेसर बनवला. १९९९ साली त्यांनी दाखवलं की झटका आलेल्या मुलांना त्यातून विकतच्या स्पेसरइतकाच आराम पडतो. तेव्हा गरिबीचं कारण आम्हाला सांगू नये. आरोग्य केंद्रात पंपाबरोबर स्पेसर मागायचा, नाही म्हणाले तर लेखी मागायचा.

आता धुराबद्दल, थोडं घरातलं बोलतो. मच्छर अगरबत्ती, चूल, बिडी यांच्याबरोबर वंदनेची अगरबत्तीही धूरच सोडते. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे एका खोलीत सकाळ-संध्याकाळ मुठीने काड्या लावणारी घरं आम्ही पाहिली आहेत. छाती वाजणारं मूल असेल तिथे फुलं वाहावीत, वंदना तेवढीच होते.

काही लक्षणं मात्र या दोन्ही गटांत बसत नाहीत. धडधाकट मूल खाता-खेळताना अचानक गुदमरलं आणि तेव्हापासून छाती वाजते, तर शेंगदाणा अडकला आहे का ते आधी पाहायचं. वजन वाढत नाही, घरात क्षयाचा रुग्ण आहे, किंवा जन्मापासून घरघर आहे, तर त्याचा तपास वेगळा. आणि झटका जोराचा आहे हे कसं कळतं? सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक वर्षाखाली पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा जास्त, बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणं, पाणी पिता न येणं, ओठ निळसर, मूल सुस्त: यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो, पाऊस असो, रुग्णालय गाठायचं. छाती जोरात वाजत होती आणि मूल दमलेलं असताना अचानक आवाज बंद झाला, तर ते बरं झालेलं नसतं.

त्या मुलाच्या आईने पहिल्या महिन्यात आराम पडल्यावर पंप बंद केला होता. तीन आठवड्यांनी सर्दी आली आणि रात्री पुन्हा पोट उडायला लागलं. यावेळी तिने वहीत तारीख, किती दिवस, रात्री उठला का, कोणतं औषध, असं सगळं लिहिलं आणि ती वही घेऊन गेली. डॉक्टरांनी ती वाचली, चिठ्ठीवर पहिल्यांदा "दमा" लिहिलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला? सासूबाई बरोबर होत्या. तिने स्वतःचं नाव सांगितलं.