तळ्यातील ऑक्सिजन आणि ‘मुळे’ हा शब्द

पर्यावरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तळ्याच्या पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन या दोन गोष्टी विद्यार्थी अनेकदा मोजतात. समजा, शेवाळाने हिरव्या झालेल्या एका तळ्यात पहाटे सहा वाजता तापमान २४ अंश सेल्सिअस आणि ऑक्सिजन लिटरमागे ४ मिलिग्रॅम भरला. दुपारी तीन वाजता तेच आकडे ३१ अंश आणि १० मिलिग्रॅम झाले. मधल्या नोंदीही याच क्रमाने चढत गेल्या. आलेखावर चढती रेषा उमटते आणि नोंदवहीत निष्कर्ष उतरतो: ‘तापमान वाढल्यामुळे ऑक्सिजन वाढतो.’ आमच्या मते या वाक्यातील ‘मुळे’ हा शब्द मोजणीतून आलेला नाही. तो लिहिणाऱ्याने पदरचा घातला आहे.

वास्तविक पाणी तापले की त्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता घटते. हवेशी समतोल साधलेले गोडे पाणी २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन सामावते, ३० अंशांना सुमारे ७.६. म्हणजे दुपारचे १० मिलिग्रॅम हवेतून आलेले असू शकत नाहीत. ते पाण्यातच निर्माण झाले असले पाहिजेत. सूर्यप्रकाश पाणी तापवतो आणि त्याच प्रकाशात शेवाळ ऑक्सिजन सोडते. दोन्ही आकडे सोबत चढतात, कारण दोघांच्या मागे तिसरेच कारण उभे आहे.

हे पडताळण्याचा मार्ग सोपा आहे. एकाच वेळी भरलेल्या, घट्ट बुचाच्या दोन काचेच्या बाटल्या घ्याव्यात. एक उघडी ठेवून दुसरी काळ्या कापडात गुंडाळावी आणि दोन्ही तळ्यात एकाच खोलीवर काही तास टांगाव्यात. तापमान दोन्हींत जवळपास सारखेच राहते. पण उघड्या बाटलीत ऑक्सिजन वाढतो, झाकलेल्या बाटलीत श्वसनाने घटतो. एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलला, तेव्हाच कारणाविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला. अर्थात बंद बाटलीत तळाचा गाळ किंवा वारा नसतो, हेही अहवालात नोंदवावे.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. रात्री प्रकाश नसतो, श्वसन मात्र चालूच राहते. म्हणून अशा तळ्यात सूर्योदयापूर्वी ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. उष्णतेने ऑक्सिजन वाढतो असे शिकलेला मत्स्यपालक उकाड्याच्या, ढगाळ दिवसानंतरच्या रात्री निर्धास्त झोपेल आणि सकाळी मेलेले मासे पाहील.

म्हणून ‘या तळ्यात, या दिवशी तापमान व ऑक्सिजन सोबत वाढले, कारण प्रकाश असावा, ते बाटल्यांनी तपासले पाहिजे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण निष्कर्ष अपुरा म्हणून कापले जाऊ नयेत. पूर्ण गुणांचा निष्कर्ष तोच आहे.