गाईडवाल्यांचं ०.८

बारावीच्या गाईडांमध्ये एक ठोकळा असतो : किंमत आणि मागणी दोन्हींचे आधीचे-नंतरचे आकडे दिसले की शेकडेवारीचं सूत्र मारा. मंडळी, हे साफ चुकीचं वळण आहे.

समजा, संग्रामपूरच्या बाजारात टोमॅटो २० रुपयांवरून २५ वर गेले आणि विक्री १०० किलोवरून ८० वर आली. किंमत २५% वाढली, मागणी २०% घटली. लवचिकता ०.८, म्हणजे कमी लवचिक. आता तोच बाजार उलटा चालवा, २५ वरून २०. किंमत २०% घटली, मागणी २५% वाढली. उत्तर १.२५, म्हणजे जास्त लवचिक! गिऱ्हाईक तेच, टोमॅटो तेच, फक्त भागाकारातला पाया बदलला.

एकूण खर्च बघा : २० × १०० = २०००, २५ × ८० = २०००. खर्च हललाच नाही, म्हणजे लवचिकता १. सरासरी पाया धरला (किंमत २२.५०, मागणी ९०) तर दोन्ही बदल २२.२% येतात आणि उत्तर पुन्हा १.

शेकडेवारीचं सूत्र वाईट नाही. बदल एक-दोन टक्क्यांचा असेल तर हा फरक नगण्य असतो. आयती शेकडेवारीच दिली असेल तर तेच वापरा. पण मोठी उडी आणि दोन्ही टोकांचे आकडे असतील तर सरासरी पाया घ्या. प्रश्न नुसता 'जास्त की कमी लवचिक' एवढाच असेल तर एकूण खर्च पुरतो. प्रश्नात पद्धतीचं नाव दिलंच असेल तर प्रश्न मिटला, तीच वापरा.

आणि गाईडवाले ०.८ खाली दुहेरी रेघ ओढून मोकळे!