खाज गेली म्हणजे सुया गेल्या?

मृगाचा पाऊस झाला की परसातलं अळू माजतं आणि आमच्या बेळगावच्या घरात घाई उडते. चातुर्मास बसला की पालेभाजी बंद. म्हणजे वड्या काय, पातळ भाजी काय, खाऊन घ्यायची ती त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत. यंदा त्याच दिवसांत माझ्या थोरल्या नणंद, अक्का, राहायला आल्या. गेल्या वर्षी त्यांचा मुतखडा काढला. खडा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा निघाला, आणि डॉक्टरांनी अळू-पालक जपून खायला सांगितलं. तरी त्यांनी वड्यांची ताटली पुढं ओढली. मी म्हटलं, "अक्का, डॉक्टर काय म्हणाले होते?" तर म्हणतात, "अगं, चिंच घातलीस न्हवं? चिंचेनं ऑक्झॅलेट जातंय सगळं. आमच्या पाककृतीच्या वर्गात बाईंनी सांगितलंय."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. हे वाक्य मी लग्नघरात ऐकलंय, भिशीत ऐकलंय, पाककृतींच्या पानांवर वाचलंय. कच्चं अळू खाजतं, चिंच घातली की खाजत नाही, म्हणजे चिंचेनं स्फटिक विरघळले, असा हिशेब. पहिली दोन वाक्यं आपल्या आज्यांच्या अनुभवाची आहेत. तिसरं कुणीतरी मागून चिकटवलंय, आणि ते चूक आहे.

आधी खाजेचं बघू. अळूच्या पानात, देठात आणि खालच्या गड्ड्यात काही पेशी अशा असतात, की त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया जुडीनं भरलेल्या असतात. डोळ्यांना दिसू नयेत इतक्या बारीक, दोन्ही टोकांना अणकुचीदार. पान चिरलं किंवा चावलं की पेशी फुटते आणि सुया बोटांत, जिभेत, घशात रुततात. पण नुसत्या रुतण्यानं एवढी आग होत नाही. हवाई बेटांवर अळूचा गड्डा हे रोजचं अन्न. तिथल्या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं, की या सुयांवर एक प्रथिन चिकटलेलं असतं, दुसरी प्रथिनं तोडणाऱ्या जातीचं. म्हणजे सुई भोक पाडते आणि प्रथिन आत जाऊन झोंबतं. काटा आणि त्याच्या टोकाला विष, असं समजा.

आता चुलीवर काय होतं? कॅल्शियम ऑक्झॅलेट आपल्या चुलीच्या आचेला दाद देत नाही. ते मोडायला शेकडो अंशांची उष्णता लागते, पाणी उकळतं शंभर अंशांवर. प्रथिनाचं तसं नाही. उष्णतेनं त्याची घडी मोडते आणि ते निकामी होतं. पेशी शिजून मऊ होतात, सुया भाजीच्या लगद्यात गुंडाळल्या जातात. काटा राहतो, विष जातं. माझी भाची वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं माझ्या पातळ भाजीचा, चांगल्या शिजलेल्या, चिंच-गूळ घातलेल्या भाजीचा, एक थेंब कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. सुया जागच्या जागी. ती भाजी आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती आणि कुणाचाही घसा खवखवला नव्हता.

आणि चिंच? कॅल्शियम ऑक्झॅलेट साध्या पाण्यात लिटरला जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम विरघळतं. चिंचेच्या कोळानं पाणी आंबट केलं तर त्याच्या काही पट, एवढंच. पावशेर अळूत ते शेकडो मिलिग्रॅम असतं. म्हणजे सुपारीएवढी चिंच त्यातलं किती नेणार? समुद्रातून तांब्या भरून घेतल्यासारखं.

मग आज्या खुळ्या होत्या का? मुळीच नाही. आंबटानंही प्रथिनं बिघडतात, म्हणून चिंच शिजवण्याला मदत करते. मदत करते, त्याची जागा घेत नाही. उलट तिच्यावर भरवसा टाकला की घोटाळा होतो, कारण आंबटात पानही लवकर शिजत नाही आणि डाळही. पातळ भाजीत पहिल्यापासून चिंच घाला आणि हरभऱ्याची डाळ दाताखाली टचटच लागते का नाही बघा. डाळ कच्ची तर पानही कच्चं. म्हणून पान, सोललेले देठ आणि भिजवलेली डाळ आधी नुसत्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या आणि वर पाच मिनिटं मंद आचेवर ठेवायची. डाळ बोटानं चेपली की कोळ-गूळ घालून पुन्हा उकळी.

वडीत चिंच पिठातच असते, तिथं हा मार्ग नाही. माझ्याच हातची एक फजिती सांगते. एकदा पाहुण्यांसाठी आठ मोठ्या पानांचा जाड उंडा वळला, चिंच मुद्दाम जास्त घातली आणि पंधरा मिनिटांत उतरवला. सुरी घातली, ती स्वच्छ निघाली. तळल्यावर कडेच्या भागाला काही नाही, मधला भाग खाल्लेल्याच्या घशाला मात्र खाज. सुरीला पीठ लागलं नाही म्हणजे पीठ शिजलं, पान नाही. उरलेला उंडा मधोमध कापला तेव्हा कळलं. बाहेरचे थर मळकट हिरवे झाले होते आणि मध्ये पोपटी वर्तुळ तसंच होतं. कच्चं पान ते. तेव्हापासून चार-पाच पानांचाच उंडा, वाफ धरल्यावर अर्धा तास, आणि मध्ये कापून बघायचं. पोपटी रंग दिसला तर परत मोदकपात्रात. (गड्ड्याचं मी सांगत नाही. कंदमूळ आमच्या घरात येत नाही. शेजारच्या वहिनी आरवी आधी पुरती उकडतात, मगच सोलून फोडणीला टाकतात. न्याय तोच.)

आता अक्कांच्या ताटलीकडं येते, कारण खरी जोखीम तिथं आहे. खाज आणणारं ऑक्झॅलेट सुयांच्या रूपात असतं, ते न विरघळणारं, आणि बरंचसं पोटातून तसंच निघून जातं. खड्याला भर घालतं ते मुख्यतः दुसरं, पानाच्या रसात विरघळलेलं. ते खाजत नाही, म्हणून चिंचेनं गेलं की राहिलं, हे जिभेला कळायचा मार्गच नाही. वडी वाफवतात, तिचं पाणी कुठं टाकतच नाहीत. पातळ भाजीचं पाणी भाजीतच राहतं. जे विरघळलेलं आहे ते पानासकट पोटात जातं, चिंच घाला नाहीतर कोकम. ज्या बाई सांगतात की खाज गेली म्हणजे ऑक्झॅलेट गेलं, त्या खडेवाल्या माणसाला निर्धास्त करून त्याच्या ताटात नको ते वाढतात.

अक्कांना मी वड्या दोनच दिल्या. दुसऱ्या दिवशी पानं चिरून भरपूर पाण्यात दहा-बारा मिनिटं उकळली, पाणी मोरीत ओतलं, पानं पिळली आणि ताकातलं अळू केलं. विरघळलेल्यातलं बरंचसं पाण्याबरोबर जातं, आणि उरलेल्यातलं काही ताकातलं कॅल्शियम पोटातच धरून ठेवतं. तरी वाटीभरच. आणि त्याच्यावर डॉक्टरांचा शब्द.

अक्का म्हणाल्या, "चव गेली गं सगळी." गेली, खरंच. सुया मात्र गेल्या नव्हत्या.