रांग विकत घेऊ नका

देवनहळ्ळीच्या विमानतळावर सुट्टीवर निघालेले आपले जवानसुद्धा 'आधी बोर्डिंग'साठी पैसे मोजतात, तेव्हा राग येतो. अहो, पहिला चढा नाहीतर शेवटचा, पुण्याला विमान एकाच वेळी पोचणार! बसने जायचं असेल तर पहिला गडी बसमध्येच दांडा धरून उरलेल्यांची वाट बघतो. मिळते ती डोक्यावरच्या कप्प्यात बॅगेला जागा. बॅग चेक-इन केलीत तर तीही कशाला?

सुरक्षेची फास्ट रांग फक्त यंत्रापर्यंतची वाट वाचवते. ट्रे आणि सीआयएसएफची झडती सर्वांना सारखीच. दारावरच्या रांगेसाठी डिजियात्रा फुकट आहे. पैसे द्यावेत ते वेगवेगळ्या तिकिटांवर दोन विमानं जोडली असतील आणि मधला वेळ तुटपुंजा असेल तेव्हा. तिथे बाहेर येऊन पुन्हा तपासणी द्यावी लागते, आणि दुसरं विमान तुमच्यासाठी थांबत नाही.