छातीत कळ कधी आली? ही वेळ नसेल तर ट्रोपोनिनचा रिपोर्ट अर्धाच आहे

हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करताना आपल्याकडे दोन चुकीच्या सवयी घट्ट बसल्या आहेत. त्यातली एक म्हणजे रुग्ण केव्हाही आला तरी त्याच्या रक्ताच्या पाच-सहा 'हृदयाच्या' तपासण्या एकदम करायच्या. दुसरी म्हणजे आलेल्या कागदावर फक्त 'पॉझिटिव्ह' की 'निगेटिव्ह' एवढंच बघायचं. या दोन्ही सवयी सोडायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. रक्तातल्या या पदार्थांना स्वतःचं वेळापत्रक असतं. कळ किती वाजता सुरू झाली आणि रक्त किती वाजता काढलं, या दोन वेळा माहीत नसतील तर कितीही महागडा रिपोर्ट दिशाभूल करू शकतो.

रत्नागिरी जिल्ह्यात हे जास्तच खरं आहे. राजापूर-लांज्याच्या आतल्या वाडीतून, गुहागरच्या खाडीपलीकडून माणूस निघणार, आधी गावात 'गॅस' म्हणून गोळी घेणार, मग तालुक्याला, मग रत्नागिरीला आणि तिथून आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला. या प्रवासात तास जातात, कधी दिवस जातात. म्हणूनच उशिरा आलेल्या रुग्णात काय तपासायचं हा प्रश्न इथे रोजचा आहे.

वेळापत्रक असं का?

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू मरू लागतो. पेशींची भिंत फुटते आणि आतले पदार्थ रक्तात येतात. सीके-एमबी हे एन्झाइम पेशीच्या द्रवात सुटं असतं. ते ४ ते ६ तासांत रक्तात दिसू लागतं, साधारण पहिल्या दिवसाच्या आसपास शिगेला पोहोचतं आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा नॉर्मल होतं.

ट्रोपोनिनचं तसं नाही. त्याचा थोडाच भाग सुटा असतो. बाकीचा स्नायूच्या तंतूंना, वेलीच्या आळ्यासारखा, बांधलेला असतो. सुटा भाग लवकर बाहेर येतो: जुन्या पद्धतीच्या तपासणीत ३ ते ६ तासांत, नव्या हाय-सेन्सिटिव्ह तपासणीत त्याहून आधी. बांधलेला भाग मात्र मेलेले तंतू जसजसे विरघळतात तसतसा अनेक दिवस पाझरत राहतो. म्हणून ट्रोपोनिन-आय साधारण ७ ते १० दिवस आणि ट्रोपोनिन-टी १० ते १४ दिवस वाढलेलं सापडतं.

एवढं समजलं की उरलेला लेख सोपा आहे.

उशिरा आलेला रुग्ण

एक उदाहरण घेऊ. समजा, लांज्याजवळचा ५८ वर्षांचा आंबा बागायतदार. एप्रिल महिना, काढणी जोरात. सोमवारी सकाळी ६ वाजता छातीत दाबल्यासारखं झालं, घाम सुटला. गावात कमरेत वेदनाशामक इंजेक्शन घेतलं, दुपारपर्यंत बरं वाटलं. नंतर मात्र चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली म्हणून गुरुवारी सकाळी १० वाजता तो रत्नागिरीत आला. म्हणजे कळ सुरू होऊन ७६ तास झाले.

आता त्याचं सीके-एमबी तपासलं तर ते नॉर्मल येण्याची शक्यता मोठी आहे. कुटुंब सुटकेचा श्वास टाकेल, 'अटॅक नव्हता' म्हणेल. प्रत्यक्षात अटॅक येऊन गेला आहे. साक्षीदार उशिरा बोलावला, एवढंच. त्याच रक्तात ट्रोपोनिन मात्र भरपूर वाढलेलं सापडेल. ईसीजीत जुन्या इजेच्या खुणा दिसतील आणि टूडी इकोत हृदयाची एक भिंत नीट हलत नसल्याचं कळेल.

हे निदान उशिरा झालं तरी वाया जात नाही. अशा माणसाच्या हृदयात गुठळी तयार होऊ शकते, ठोक्यांची लय बिघडू शकते, पंप कमजोर झालेला असू शकतो. त्याला औषधं आणि निरीक्षण लागतं. कळ अजून येत असेल तर अँजिओग्राफीही लवकर लागते. 'गॅस' म्हणून घरी पाठवणं हे त्याच्यासाठी दुसऱ्यांदा संकट.

पूर्वी अशा वेळी एलडीएच तपासत. ते उशिरा वाढतं आणि आठवडा-दीड आठवडा टिकतं, म्हणून त्या काळात ते योग्यच होतं. एसजीओटीची गोष्टही तशीच. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी झटक्यानंतर ते रक्तात वाढतं हे दाखवलं आणि रक्तावरून निदानाची वाट उघडली. पण एसजीओटी यकृतातही असतं आणि एलडीएच तर लाल रक्तपेशींतही. रक्त काढताना नमुना थोडा खराब झाला तरी एलडीएच वाढतं. ट्रोपोनिन आल्यावर उशिरा आलेल्या रुग्णात या दोघांचं काम संपलं. तरीही 'हार्ट प्रोफाइल'च्या यादीत ती अजून छापलेली असतात आणि तुम्ही त्यांचे पैसे भरता. यकृतासाठी एसजीओटी जरूर करा. झटक्याच्या निदानासाठी त्याची गरज नाही.

ते कमरेतलं इंजेक्शनही लक्षात ठेवा. स्नायूत सुई टोचल्याने एकूण सीपीके वाढतं आणि रिपोर्टचा घोळ होतो. शिवाय पुढे गुठळी विरघळवणारं औषध द्यावं लागलं तर त्या जागी रक्त साकळतं. छातीत कळ असताना स्नायूतलं इंजेक्शन घेऊ नका.

पुन्हा झटका आला तर?

हा प्रश्न जास्त अवघड आहे आणि इथेच जुनं उत्तर सर्वात चिवट आहे. आपला बागायतदार दाखल झाला. शुक्रवारी रात्री ९ वाजता त्याच्या छातीत पुन्हा कळ आली. ट्रोपोनिन तर सोमवारपासून वाढलेलंच आहे. मग नवी इजा ओळखायची कशी?

जुनं उत्तर: सीके-एमबी करा. ते तिसऱ्या दिवशी नॉर्मल झालेलं असतं, आता पुन्हा वाढलं तर नवा झटका. तर्क बरोबर आहे. पण यावरून 'ट्रोपोनिन दुसऱ्या झटक्यात निरुपयोगी' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चूक आहे. ट्रोपोनिन उंचावर असलं तरी ते उतरणीला लागलेलं असतं. नवी इजा झाली की ते पुन्हा चढू लागतं. चढ की उतार, हे दोन नमुन्यांवरून कळतं.

आंतरराष्ट्रीय व्याख्येतला नियम असा आहे: कळ आली की लगेच एक नमुना, ३ ते ६ तासांनी दुसरा. पहिला नमुना वाढलेला पण स्थिर किंवा उतरता असेल, तर दुसऱ्यात किमान २० टक्के वाढ झाली पाहिजे. समजा, रात्री ९ला आकडा २४०० नॅनोग्रॅम प्रति लिटर आला. २४००चे २० टक्के म्हणजे ४८०. मध्यरात्री १२ वाजता आकडा २८८० किंवा त्याहून जास्त असेल, तर लक्षणांसह तो नव्या झटक्याचा पुरावा. तो २३०० असेल तर जुनाच पूर ओसरतोय असं समजायला जागा आहे, पण कळ चालू असेल तर नमुने पुन्हा घ्यायचे.

या हिशोबाला एक अट आहे आणि ती आपल्याकडे वारंवार मोडते. दोन्ही नमुने एकाच पद्धतीने तपासलेले हवेत. एका ठिकाणी ट्रोपोनिन-आय, दुसरीकडे ट्रोपोनिन-टी, असं झालं तर आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि एकक बघा. रत्नागिरीच्या कागदावर ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल आणि कोल्हापूरच्या कागदावर ५०० नॅनोग्रॅम प्रति लिटर, तर दोन्ही आकडे एकच आहेत. हजारपट वाढ झाली म्हणून घाबरू नका. उलट, वाढ नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण पद्धत वेगळी असेल.

मग सीके-एमबी कायमचं बंद करायचं का? नाही, आणि हे मान्य केलंच पाहिजे. छोट्या रुग्णालयात अनेकदा ट्रोपोनिनची फक्त पट्टी असते. पट्टीवर रेघ उमटते, आकडा मिळत नाही. झटक्यानंतर ती रेघ कित्येक दिवस उमटतच राहते, त्यामुळे दुसरा झटका ओळखायला पट्टी कुचकामी. तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढलेलं सीके-एमबी खरंच उपयोगी पडतं. आकडा देणारी तपासणी जिथे आहे, तिथे मात्र दोन वेळा ट्रोपोनिन पुरे, सोबत सीके-एमबीचा खर्च नको.

पट्टी 'निगेटिव्ह' आली म्हणजे?

कळ सुरू होऊन दोन तासांत काढलेल्या रक्ताची पट्टी निगेटिव्ह असेल, तर त्याचा अर्थ 'अजून दिसत नाही' एवढाच. 'झटका नाही' असा नाही. दुसरा नमुना झाल्याशिवाय घरी जाण्याची घाई करू नका. उलट बाजूही तितकीच खरी: किडनीचा जुना आजार किंवा हार्ट फेल्युअर असणाऱ्यांत ट्रोपोनिन कायमच थोडं वर असतं. तिथेही एका आकड्यावर निकाल देता येत नाही, चढ-उतार बघावा लागतो.

आणि सर्वात महत्त्वाचं: ईसीजीत रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण स्पष्ट असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायचीच नाही. उपचार लगेच सुरू व्हायला हवेत. ईसीजी पोहोचल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे, ट्रोपोनिनच्या आधी.

तुम्ही काय करायचं?

- कळ सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहा. 'सकाळी' नको, 'सकाळी ६' हवं. कळ थांबून पुन्हा आली असेल तर तीही वेळ.
- प्रत्येक रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ, ट्रोपोनिन आय की टी, आणि एकक आहे का ते बघा. नसेल तर लिहून मागा.
- दुसऱ्या रुग्णालयात हलवताना आधीचे सगळे ईसीजी आणि रिपोर्ट सोबत न्या. दुसरा झटका ओळखायला जुना ईसीजी सोन्याच्या मोलाचा असतो.
- झटक्यानंतर घरी आल्यावर पुन्हा कळ आली तर 'ट्रोपोनिन तसंही वाढलेलंच असणार' म्हणून थांबू नका. लगेच १०८ला फोन करा.

डॉक्टरांना एकच प्रश्न नक्की विचारा: 'कळ येऊन इतके तास झालेत, या वेळेला ही तपासणी काय सांगू शकते?' ज्या तपासणीबद्दल याचं उत्तर मिळत नाही, ती तपासणी त्या वेळी करायची गरज नसते.