खुलासा लिहिताना : बिकॉज, सिन्स, अ‍ॅज आणि सो



ऑफिसातून मेमो आला की आपल्या घरात खुलासा लिहायला बसते ती बहुधा कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा. खुलासा म्हणजे कारण सांगणे. इंग्रजीत कारण सांगायला बिकॉज, सिन्स आणि अ‍ॅज हे तीन शब्द आहेत आणि परिणाम सांगायला सो. शब्द ओळखीचे असतात, पण ते मराठीच्या चालीने बसवले की घोटाळा होतो. रखवालीचे काम करणाऱ्या एका बंधूंचा असाच खुलासा आमच्या पाहण्यात आला. त्यांच्यावर आरोप होता की, सुपरवायझरशी वाद झाल्यावर रागाच्या भरात त्यांनी गेट सोडले. खरे कारण आईचे आजारपण होते. मुलीने लिहिले :

‘अ‍ॅज माय मदर वॉज इल सो आय लेफ्ट द गेट. बिकॉज देअर वॉज नोबडी अ‍ॅट होम.’

पहिल्या वाक्यात अ‍ॅज आणि सो दोन्ही आले. आपण मराठीत ‘ज्याअर्थी’ म्हटले की पुढे ‘त्याअर्थी’ म्हणतो, तीच ही सवय. इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला एकच दोर लागतो. म्हणून एक तर ‘अ‍ॅज माय मदर वॉज इल, आय लेफ्ट द गेट’ असे लिहावे, किंवा ‘माय मदर वॉज इल, सो आय लेफ्ट द गेट’ असे. स्वल्पविराम कुठे पडला ते पाहा. कारण आधी आले तर कारणाचा भाग संपल्यावर स्वल्पविराम. सो मध्ये आला तर सोच्या आधी स्वल्पविराम, नंतर नाही.

दुसरे वाक्य बिकॉजने सुरू होऊन तिथेच संपले. मराठीत ‘मी गेलो. कारण घरी कोणी नव्हते.’ हे चालते. इंग्रजी अर्जात असे वाक्य लोंबकळत राहते. ते आधीच्या वाक्याला जोडावे : ‘आय लेफ्ट द गेट बिकॉज देअर वॉज नोबडी अ‍ॅट होम.’ बिकॉज असा मध्ये आला की त्याच्या आधी सहसा स्वल्पविराम देत नाहीत. बिकॉजने वाक्य सुरू करूच नये, असे मात्र नाही. ‘बिकॉज देअर वॉज नोबडी अ‍ॅट होम, आय लेफ्ट द गेट’ हे वाक्य पूर्ण आहे.

आता खरी धोक्याची जागा. त्याच खुलाशात पुढे होते :

‘आय डिड नॉट लीव्ह द गेट बिकॉज द सुपरवायझर शाउटेड अ‍ॅट मी.’

मुलीला म्हणायचे होते, ‘सुपरवायझर ओरडले म्हणून मी गेट सोडले असे नाही.’ पण वाचणारा असेही वाचू शकतो : ‘मी गेट सोडलेच नाही, कारण सुपरवायझर ओरडले.’ बिकॉजच्या आधी स्वल्पविराम दिला असता, तर हा दुसराच अर्थ पक्का झाला असता. हजेरीच्या रजिस्टरात बाहेर गेल्याची वेळ लिहिलेली असते. म्हणजे खरे बोलणारा माणूस कागदावर खोटा ठरतो! वाक्यात ‘नॉट’ आणि मागून ‘बिकॉज’ असेल तर हा दुहेरी अर्थ शिरू शकतो. स्वल्पविरामावर भरवसा न ठेवता वाक्यच फिरवावे : ‘आय लेफ्ट द गेट बिकॉज माय मदर वॉज इल, नॉट बिकॉज द सुपरवायझर शाउटेड अ‍ॅट मी.’ आता शंकेला जागा नाही.

राहिले सिन्स आणि अ‍ॅज. वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले कारण सांगताना हे शब्द शोभतात, आणि ते बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतात. पण दोघांनाही काळाचाही अर्थ आहे. ‘सिन्स माय मदर केम टू लिव्ह विथ अस, आय हॅव नॉट डन नाइट ड्यूटी.’ आई आल्यापासून की आई आली म्हणून? दोन्ही अर्थ निघतात. ‘अ‍ॅज आय वॉज लॉकिंग द गेट, आय डिड नॉट हिअर द फोन’ यातही कुलूप लावताना की लावत होतो म्हणून, हे कळत नाही. जिथे कारणावर नोकरी अवलंबून आहे, तिथे सरळ बिकॉज वापरावा. त्याला काळाचा अर्थ नाही.

खुलासा देण्यापूर्वी प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात : एका कारणाला दोन दोर तर नाहीत ना, बिकॉज एकटा लोंबकळत तर नाही ना, आणि ‘नॉट’च्या मागे बिकॉज आला असेल तर त्या वाक्याचा उलटा अर्थ तर निघत नाही ना. मग सही करावी, आणि एक प्रत पोच घेऊन घरी ठेवावी.