टेलिग्रामवर अनोळखींना मेसेज जात नाही? चावी तुमच्या हातात नाही, समोरच्याच्या अंगठ्यात आहे

समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेने स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन क्लास सुरू केला. त्यासाठी नवं सिम घेतलं आणि त्यावर टेलिग्राम उघडलं. एका मोठ्या अभ्यास गटात त्या सामील झाल्या. मग सदस्यांच्या यादीतून एकेकाला एकच मजकूर पाठवायला लागल्या: नमस्कार, क्लासची माहिती, खाली लिंक. त्याच संध्याकाळी मेसेजशेजारी लाल उद्गारचिन्ह आलं आणि पडद्यावर ही ओळ: Sorry, you can only send messages to mutual contacts at the moment.

म्हणजे खातं बंद झालेलं नाही. ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे आणि तुमच्या फोनमध्ये त्यांचा, त्यांच्याशी बोलता येतं. कुणी आधी तुम्हाला लिहिलं, तर त्यालाही उत्तर देता येतं. अनोळखी माणसाला पहिला मेसेज मात्र जात नाही आणि त्याला गटात जोडताही येत नाही. काही वेळा सार्वजनिक गटांत लिहिणंही थांबतं.

हे का झालं? अनोळखी व्यक्तीचा मेसेज आला की टेलिग्राम वर ब्लॉक करण्याचं, स्पॅम म्हणून कळवण्याचं बटण देतं. झोपेतून उठून कुणाची तरी जाहिरात पाहणारा माणूस दुसरं काय दाबणार? कळवलेला मेसेज तपासणीसाठी जातो आणि तक्रार रास्त वाटली की मर्यादा लागते. जुन्या खात्यामागे वर्षानुवर्षांच्या गप्पा असतात. नव्या खात्याकडे दाखवायला काय असतं? चाळीस जणांना गेलेला एकच मजकूर आणि आलेली उत्तरं जवळजवळ शून्य. बाईंचा हेतू चांगला होता, पण हेतू यंत्राला दिसत नाही.

इंजिनीअरिंगच्या सवयीने मी टेलिग्रामची तांत्रिक कागदपत्रं उघडली. तिथे दोन वेगळ्या चुका आहेत. FLOOD_WAIT आली तर किती सेकंद थांबायचं तो आकडा सोबत येतो. ती निव्वळ घाईची शिक्षा. PEER_FLOOD सोबत सेकंद येत नाहीत. त्यात सांगितलेलं असतं की खात्याविरुद्ध स्पॅमची तक्रार आहे, @SpamBot ला विचारा. त्यामुळे ‘मेसेज थोडे सावकाश पाठवा’ हा यूट्यूबवरचा सल्ला इथे अपुरा पडतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सर्चमध्ये @SpamBot हेच नाव नीट टाइप करून /start पाठवणं. मिळत्याजुळत्या नावांचे बनावट बॉट असतात, म्हणून निळी खूण पाहा. मर्यादा ठरावीक मुदतीची असेल तर बॉट तारीख सांगतो. वेळ UTC मध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. रात्री ९ लिहिलं असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची अडीच. पहिली मर्यादा साधारण काही दिवसांची असते. पुन्हा तेच केलं की मुदत वाढते. आपण कुणालाही असे मेसेज पाठवले नसतील, तर त्याच बॉटमधून तक्रार करा. खरोखर पाठवले असतील, तर थांबणं हाच मार्ग आहे.

मुदत संपेपर्यंत बाईंनी दिशा उलटी करावी. सेटिंग्जमध्ये युजरनेम ठेवलं की t.me ने सुरू होणारी लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो क्लासच्या पत्रकावर छापावा, व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवावा. ज्याला गरज आहे तो स्वतः लिहील आणि त्याला उत्तर द्यायला मर्यादेतही आडकाठी नाही. जुन्या विद्यार्थ्यांना नंबर सेव्ह करायला सांगावं. जाहिरातीसाठी वेगळं चॅनेल काढावं. तिथे लोक स्वतःहून येतात. मर्यादा उठल्यावरही पहिल्या मेसेजमध्ये लिंक नको. ‘काल गटात तुम्ही भूगोलाच्या नोट्स विचारल्या होत्या, अजून हव्यात का?’ असं एकालाच, त्याच्यापुरतं लिहावं. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज पाठवू नये.

आणखी एक सिम घेणं मात्र टाळा; ते खातं पुन्हा कोरंच असणार. ‘जुनी खाती’ विकत मिळतात, त्यांच्या वाटेला तर जाऊच नका. विकणाऱ्याने आपलं लॉगिन तसंच ठेवलं असेल, तर तुमच्या विद्यार्थ्यांचे मेसेज तोही वाचणार.

नियम मला पटतो. गुंतवणुकीच्या थापा मारणारे याच वाटेने आपल्या आईवडिलांपर्यंत पोहोचतात. खटकतं ते वेगळंच. काही नंबरांवर यंत्रणा जास्त कडक वागू शकते, हे बॉट स्वतःच सांगतो आणि उपाय म्हणून तक्रारीसोबत पैसे भरून प्रीमियम घेण्याचा पर्यायही पुढे करतो. अनोळखी माणसाला त्रास होऊ नये म्हणून मर्यादा असेल, तर पैसे भरल्यावर तो त्रास कमी कसा होतो? त्यापेक्षा कोणत्या मेसेजवर तक्रार आली एवढं जरी दाखवलं, तरी साताऱ्याच्या बाईंना आपलं काय चुकलं ते पहिल्याच दिवशी कळेल.